गोल्ड, प्लॅटिनम आणि उडालेले पॉइंट्स: दुकानांच्या मेंबरशिपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात मी मेंबरशिप काउंटरवर सहा वर्षं बसले. नोकरी सुटली, प्रश्न सुटले नाहीत. नातेवाईक, सोसायटीतल्या बायका, जुने गिऱ्हाईक, कोणी ना कोणी मोबाइलचा स्क्रीनशॉट पाठवतं आणि खाली लिहितं, "हे असं का?" तेच प्रश्न इथे एकत्र केलेत.

उदाहरणासाठी माझ्या आत्याचं कार्ड घेतलंय. दुकानाचं नाव देत नाही आणि हिशेब डोक्यात बसावा म्हणून आकडे गोल केलेत. तिच्या योजनेत तीन पायऱ्या होत्या. फॉर्म भरला की सिल्व्हर, मेंबरशिपच्या एका वर्षात ४०,००० रुपयांची खरेदी झाली की गोल्ड आणि १,००,००० झाली की प्लॅटिनम. सिल्व्हरला शंभर रुपयांमागे १ पॉइंट, गोल्डला २, प्लॅटिनमला ४. एक पॉइंट म्हणजे एक रुपया.

१. पॉइंट्स आणि टिअर यांत फरक काय? दोन्ही एकच ना?

एकच नाहीत, आणि निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. पॉइंट्स ही तुमच्या खात्यातली शिल्लक आहे. ती वापरली की कमी होते. टिअर हा तुमचा दर्जा आहे. तो खर्च करता येत नाही, पण पुढच्या खरेदीवर पॉइंट्स कोणत्या दराने मिळणार, कपडे फुकट अल्टर होणार का, सेल एक दिवस आधी उघडणार का, हे त्यावर ठरतं.

पॉइंट्स वापरले म्हणून टिअर खाली जात नाही. "गोल्ड जाईल म्हणून मी पॉइंट्स वापरतच नाही" असं सांगणारे दर महिन्याला दोन-तीन जण तरी भेटायचे. त्यांचे पॉइंट्स तसेच पडून संपायचे आणि गोल्डवर त्याचा काडीचाही परिणाम व्हायचा नाही.

२. पात्रता काळ म्हणजे नेमका कुठून कुठपर्यंत? माझे वर्षभराचे चाळीस हजार झालेत, तरी गोल्ड मिळालं नाही.

"वर्ष" कुठलं, ते आधी बघा. तीन पद्धती दिसतात.

पहिली कॅलेंडर वर्षाची, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मैत्रिणी सेफोरा या मेकअपच्या दुकानाच्या ब्यूटी इन्सायडर योजनेबद्दल विचारतात, तिथे ही पद्धत आहे. कॅलेंडर वर्षात ३५० डॉलरची खरेदी झाली की व्हीआयबी, १,००० डॉलरची झाली की रूज.

दुसरी मेंबरशिपच्या वर्षाची. तुम्ही ज्या तारखेला फॉर्म भरला त्या तारखेपासून पुढचे बारा महिने. आत्याने १५ जून २०२३ ला फॉर्म भरला, म्हणून तिचं वर्ष १५ जून ते १४ जून.

तिसरी सरकत्या बारा महिन्यांची. इथे वर्ष ठरलेलं नसतं, संगणक रोज मागचे ३६५ दिवस मोजतो. गेल्या दिवाळीचं मोठं बिल यंदाच्या दिवाळीआधी मोजणीत असतं, दिवाळीनंतर एका रात्रीत गळून पडतं. ॲपमधला आकडा काही न करता कमी झालेला दिसला, तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

तुमच्या मनातले बारा महिने आणि योजनेचे बारा महिने वेगळे असले, तर चाळीस हजार दोन वर्षांत विभागले जातात आणि दोन्हीकडे कमी पडतात.

३. गोल्ड झालं. आता ते किती दिवस राहणार?

बहुतेक योजनांत ज्या वर्षात मिळालं ते वर्ष संपेपर्यंत, आणि त्यापुढचं एक पूर्ण वर्ष.

आत्याने ८ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्या तोंडावर, एकाच बिलात ४६,००० ची खरेदी केली. दुसऱ्या दिवसापासून ती गोल्ड. कार्डावर तारीख आली १४ जून २०२५. म्हणजे १९ महिन्यांहून थोडं जास्त. तेच बिल तिने जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात केलं असतं, तरी तारीख १४ जून २०२५ च राहिली असती आणि हातात जेमतेम वर्ष उरलं असतं.

कॅलेंडर वर्षाच्या योजनेत हा फरक आणखी मोठा होतो. सेफोरात फेब्रुवारी २०२५ मध्ये रूज झालेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये झालेली, दोघींची मुदत ३१ डिसेंबर २०२६ लाच संपते. मोठी खरेदी करायचीच असेल तर वर्षाच्या सुरुवातीला केलेली फायद्याची, हे यातून कळतं. अर्थात लग्नाचा मुहूर्त काही दुकानाचं वर्ष बघून निघत नाही.

४. गोल्ड झाल्यानंतरही मी भरपूर खरेदी केली. तरी पुढच्या वर्षी गोल्ड टिकलं नाही. ती खरेदी गेली कुठे?

हा मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. आत्याची चिडचिडही याच कारणाने झाली.

गोल्ड झाल्यावर मे २०२४ मध्ये लेकीच्या लग्नासाठी तिने आणखी ३५,००० ची खरेदी केली. तिच्या डोक्यात हिशेब असा, की गोल्ड तर झालंच आहे, आता हे पस्तीस हजार पुढच्या वर्षाच्या खात्यात. पण मे २०२४ तिच्या पहिल्याच वर्षात येतो. त्या वर्षाची बेरीज ८१,००० झाली. गोल्डसाठी लागत होते ४०,०००, प्लॅटिनमला लागत होते १,००,०००. मधले ४१,००० टिअरच्या हिशेबाने कुठेच उपयोगी पडले नाहीत. १५ जून २०२४ ला बेरीज शून्यावर आली आणि गोल्ड टिकवायला पुन्हा ४०,००० लागणार होते.

काही योजना जास्तीचा खर्च पुढे ओढू देतात, पण अशा फार थोड्या. नियमात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ओढला जात नाही असंच धरा. पॉइंट्स मात्र त्या खरेदीवर पूर्ण मिळतात. आत्याला ३५,००० वर गोल्डच्या दराने ७०० मिळाले.

५. टिअरसाठी कुठली रक्कम धरतात? छापील किंमत की मी दिलेले पैसे?

जवळजवळ सगळीकडे तुम्ही प्रत्यक्ष दिलेले पैसे. सेलमध्ये ४,००० चा ड्रेस २,००० ला घेतला तर २,०००. पॉइंट्स वापरून भरलेली रक्कम धरत नाहीत. आत्याचं ऑक्टोबर २०२४ मधलं बिल ९,००० चं होतं, त्यात ६०० पॉइंट्स वापरले, म्हणून बेरजेत ८,४०० गेले.

जीएसटीसकट धरायचं की वगळून, ते योजनेवर आहे. काठावर असाल तर हे नक्की विचारा. गिफ्ट कार्ड विकत घेतलं तर ती रक्कम सहसा धरत नाहीत, ते वापरून खरेदी होते तेव्हा धरतात, आणि तीही वापरणाऱ्याच्या खात्यात. सोन्याची नाणी आणि मॉलमधल्या भाड्याने दिलेल्या काउंटरवरचा माल पुष्कळदा यादीबाहेर असतो.

६. माझे पॉइंट्स कधी संपतात? कार्डावर जी तारीख आहे तीच का?

नाही. कार्डावरची तारीख टिअरची. पॉइंट्सचं घड्याळ वेगळं चालतं आणि ते दोन प्रकारचं असतं.

एका प्रकारात प्रत्येक बिलाच्या पॉइंट्सना स्वतःची मुदत असते. आत्याकडे बारा महिने, आणि तो महिना संपेपर्यंत. ८ नोव्हेंबर २०२३ च्या बिलाचे ४६० पॉइंट्स ३० नोव्हेंबर २०२४ ला संपणार होते, मे २०२४ चे ७०० हे ३१ मे २०२५ ला. (४६,००० वर ४६०च का, असं विचाराल. ज्या बिलाने तुम्ही गोल्ड होता, ते बिल तिथे जुन्याच दराने धरत.)

दुसऱ्या प्रकारात सगळी शिल्लक शेवटच्या व्यवहाराला बांधलेली असते. ठरावीक महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही की सगळे पॉइंट्स एकदम जातात. आणि मुदतीत रुमालांचा एक जोड घेतला, तरी सगळे पुढे सरकतात.

तुमच्याकडे कुठला प्रकार आहे ते ॲप उघडून एका मिनिटात कळतं. संपणाऱ्या पॉइंट्सखाली वेगवेगळ्या तारखा आणि वेगवेगळे आकडे असतील तर पहिला. पूर्ण शिलकेसमोर एकच तारीख असेल आणि नव्या खरेदीनंतर ती पुढे गेली तर दुसरा.

७. पॉइंट्स वापरले की आधी जुने जातात की नवे?

जुने, म्हणजे ज्यांची मुदत आधी संपते ते. आत्याने २४ ऑक्टोबर २०२४ ला ६०० पॉइंट्स वापरले. आधी नोव्हेंबरचे ४६० गेले, मग मेच्या ७०० मधले १४०. मेचे ५६० उरले, मुदत ३१ मे २०२५.

आता गंमत बघा. आत्याच्या कार्डावर १४ जून २०२५ लिहिलेलं. ती ७ जूनला, नातवंडांची शाळा सुरू व्हायच्या आधी, खरेदीला गेली आणि "माझे पॉइंट्स लावा" म्हणाली. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, ते ५६० आठवड्यापूर्वीच गेले. त्याची काही चूक नव्हती. आत्याने कार्डावरच्या तारखेवर भरवसा ठेवला होता, आणि ती तारीख गोल्डची होती.

८. पण पॉइंट्स संपवतातच कशाला? आमचेच पैसे आहेत ना?

हिशेबाच्या वहीत ते दुकानाचं देणं असतं. मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेलं इंड एएस ११५ हे मानक सांगतं, की पॉइंट्ससकट विक्री झाली तर सगळी रक्कम लगेच विक्री म्हणून दाखवायची नाही. १०,००० च्या बिलावर १०० पॉइंट्स दिले आणि अनुभवावरून त्यातले ८० वापरले जातील असं वाटत असेल, तर १०,००० ची वाटणी १०,००० आणि ८० या प्रमाणात होते. साधारण ७९ रुपये बाजूला ठेवावे लागतात. तुम्ही पॉइंट्स वापरता किंवा ते वापरले जाणार नाहीत हे नक्की होतं, तेव्हाच ते ७९ विक्रीत येतात. मुदतच नसेल तर हे देणं वर्षानुवर्षं लोंबकळत राहतं.

"आमचेच पैसे" हे कायद्याने फारसं टिकत नाही. मोबाइल वॉलेटसारख्या प्रीपेड साधनांना रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमान एक वर्षाची मुदत द्यावी लागते. खरेदीवर बक्षीस म्हणून मिळालेल्या दुकानाच्या पॉइंट्सना तो नियम लागू नाही. त्यांची मुदत दुकान ठरवतं आणि फॉर्म भरताना आपण ती मान्य केलेली असते, वाचली असो वा नसो.

९. टिअर खाली आला तर साठलेले पॉइंट्सही जातात का?

साधारणपणे जात नाहीत. मिळालेले पॉइंट्स आपापल्या तारखेपर्यंत राहतात, पुढच्या खरेदीचा दर तेवढा कमी होतो. आत्याने दुसऱ्या वर्षात गोल्डच्या दराने मिळवलेले पॉइंट्स सिल्व्हर झाल्यावरही तितकेच होते.

अपवाद दोन. काही योजनांत वरच्या टिअरच्या पॉइंट्सना जास्त मुदत असते, आणि खाली आल्यावर शिलकेला खालच्या टिअरची मुदत लागते. चोवीस महिन्यांचे पॉइंट्स अशा वेळी अचानक बारा महिन्यांचे होतात आणि जुने लगेच गळतात. टिअर उतरायच्या आधी पॉइंट्स वापरून टाकणं शहाणपणाचं असतं ते याच एका परिस्थितीत. दुसरा अपवाद टिअरबरोबर आलेल्या व्हाउचरचा. वाढदिवसाचं किंवा फुकट डिलिव्हरीचं कूपन काही ठिकाणी टिअर उतरल्याच्या दिवशीच बंद पडतं.

१०. प्लॅटिनमवरून एकदम सिल्व्हर होतं, की आधी गोल्ड?

दोन्ही प्रकार आहेत. काही दुकानं एका वेळी एकच पायरी उतरवतात. वर्षभरात ५,००० ची खरेदी केली असली तरी प्लॅटिनमचं गोल्ड होतं, आणि सिल्व्हर व्हायला आणखी एक वर्ष जातं. काही दुकानं सरळ त्या वर्षाचा खर्च बघतात आणि जिथे बसतो तिथे बसवतात.

बाळंतपण, आजारपण, परदेशातली बदली अशा कारणांनी वर्षभर दुकानात पाऊल पडणार नसेल, तर हा फरक मोठा ठरतो. नियमांत "पुढील खालची श्रेणी" असे शब्द असतील तर एक पायरी. "पात्रतेनुसार श्रेणी" असं असेल तर थेट घसरण.

११. मुदत संपायला चार दिवस आहेत आणि थोडेच पैसे कमी पडताहेत. काहीतरी घेऊन टाकू का?

आधी गोल्डची किंमत काढा. आत्याची दुसऱ्या वर्षाची बेरीज १० जून २०२५ ला ३७,२०० होती, म्हणजे २,८०० कमी. गोल्ड आणि सिल्व्हरच्या दरात फरक शंभराला एक पॉइंट. पुढच्या वर्षी तिने ४०,००० ची खरेदी केली असं धरलं, तरी गोल्डमुळे जास्तीचे मिळणार ४०० रुपये. फुकट अल्टरेशनचे दोन-तीनशे धरा. सहा-सातशेच्या फायद्यासाठी नको असलेला २,८०० चा माल घेणं हा तोट्याचा सौदा आहे. दुकानाचा "फक्त २,८०० दूर!" असा मेसेज मात्र बरोबर याच वेळी येतो.

पण घ्यायचंच असलेलं चार दिवस आधी घेतलं तर खिशातून जास्तीचं काही जात नाही. नातवंडांचे रेनकोट आणि दप्तरं जूनमध्ये घ्यायचीच होती. आत्याने १२ जूनला ३,००० चं बिल केलं. बेरीज ४०,२००, गोल्ड १४ जून २०२६ पर्यंत पुढे गेलं. गोष्ट इथे संपली असती, पण पुढचा प्रश्न वाचा.

१२. वस्तू परत केली तर टिअरही परत घेतात का?

घेऊ शकतात. आत्याने १८ जूनला एक रेनकोट परत केला, धाकट्याला लहान झाला म्हणून. १,१५० रुपये परत मिळाले. परतीची रक्कम ज्या दिवशी खरेदी झाली त्या दिवसाच्या बेरजेतून वजा होते, म्हणून मागच्या वर्षाची बेरीज ३९,०५० झाली. ९५० ने गोल्ड हुकलं. परतीची ३० दिवसांची मुदत संपल्यावर संगणकाने पुन्हा बेरीज केली आणि कार्ड सिल्व्हर झालं. तिने त्याच दिवशी मोठ्या मापाचा दुसरा रेनकोट घेतला होता, पण त्या बिलावर १८ जून ही तारीख, म्हणजे ते नव्या वर्षात.

काउंटरवर माल परत करून नवा घेण्याऐवजी माप बदलून मागितलं असतं, तर काही दुकानांत मूळ बिलच कायम राहतं. वर्षाच्या काठावर असाल तर "परत नको, बदलून द्या, आणि बिलाची तारीख तीच राहील ना?" असं आधी विचारून घ्या.

परतीबरोबर त्या मालावर मिळालेले पॉइंट्सही वजा होतात. ते तुम्ही वापरून टाकले असतील तर काही ठिकाणी शिल्लक वजा दिसते, काही ठिकाणी तेवढे पैसे परताव्यातून कापतात. आणि पॉइंट्सने घेतलेली वस्तू परत केली, तर पॉइंट्स सहसा जुन्याच तारखेसह खात्यात येतात. तारीख उलटून गेली असेल तर आले तसे लगेच जातात. अशा वेळी परतीआधीच काउंटरवर बोला.

१३. गेलेले पॉइंट्स किंवा गेलेला टिअर परत मागता येतो का?

मागता येतो, हक्क म्हणून नव्हे, विनंती म्हणून. काउंटरवरच्या माणसाच्या हातात सहसा काही नसतं. तो फक्त तिकीट टाकतो, निर्णय मुख्य कार्यालयात होतो. आमच्याकडे ज्या विनंत्या मंजूर व्हायच्या त्यांत मेंबर नंबर, बिल नंबर, तारीख आणि कमी पडलेली रक्कम एवढंच असायचं, आणि त्या मुदतीनंतर दोन-चार आठवड्यांत आलेल्या असायच्या. आत्याचं पत्र चार ओळींचं होतं. दुसऱ्या रेनकोटचं बिल जोडलं होतं. तिला गोल्ड मिळालं नाही, तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली, तेवढ्यात ९५० पूर्ण करायचे होते. पाच वर्षांपूर्वीचे पॉइंट्स परत मागणाऱ्यांना मात्र छापील उत्तर जायचं.

१४. दुकानाने मधेच नियम बदलले. तक्रार कुठे करायची?

"नियम बदलण्याचा अधिकार राखून ठेवत आहोत" हे वाक्य प्रत्येक योजनेत असतं. पुढच्या खरेदीचा दर कमी केला, तर फारसं काही करता येत नाही. आधीच खात्यात असलेल्या पॉइंट्सची मुदत न कळवता कापली किंवा जाहिरातीत सांगितलेला फायदा दिला नाही, तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या अनुचित व्यापारी प्रथेच्या आणि अनुचित कराराच्या तरतुदींचा आधार तिथे घेता येतो. आधी दुकानाला लेखी ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बदलाच्या आधीचा आणि नंतरचा शिलकेचा स्क्रीनशॉट असेल तर बोलणं फार सोपं जातं.

१५. नवरा-बायकोचे पॉइंट्स एकत्र करता येतात का? मोबाइल नंबर बदलला तर?

काही योजनांत कुटुंबाचं एक खातं करता येतं. पण तेव्हा पॉइंट्स एकत्र होतात, टिअरसाठीचा खर्च प्रत्येकाचा वेगळाच राहतो, असं बरेचदा असतं. सोपा उपाय म्हणजे घरातल्या सगळ्यांनी बिलाच्या वेळी एकच नंबर सांगायचा. नंबर बदलला तर जुनं सिम बंद व्हायच्या आधी बदल नोंदवा. जुन्या नंबरावर ओटीपी येत नाही तोवर खातं तुमचं असूनही उघडत नाही, आणि पॉइंट्सचं घड्याळ काही तुमच्यासाठी थांबत नाही.

१६. "तुमचे ९,८५० पॉइंट्स आज रात्री संपतील, या लिंकवर क्लिक करा" असा मेसेज आलाय. खरा आहे का?

जवळजवळ नक्की खोटा. शिल्लक ॲप स्वतः उघडून बघा, मेसेजमधल्या लिंकवरून नाही. पॉइंट्स वापरण्यासाठी कार्डाचा नंबर, पिन किंवा वेगळी फाइल इन्स्टॉल करायला कुठलंच दुकान सांगत नाही. काउंटरवर ओटीपी सांगायचा तो तुम्ही स्वतः तिथे उभे असताना, तुमच्या बिलासाठी. फसला असाल तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.